पावसाळ्यात तारकर्ली: शेवटच्या पस्तीस किलोमीटरचा खर्च

मे संपता संपता मालवणातलं स्कुबा, पॅरासेलिंग आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, त्या साधारण ऑगस्ट अखेरपर्यंत. खोल्यांचे दर उतरतात आणि तारकर्लीचा किनारा मोकळा मिळतो. पण हंगामात कुडाळ स्टेशनाबाहेर प्रवाशांची वाट बघणाऱ्या गाड्याही कमी होतात. मुंबईहून कुडाळपर्यंत रेल्वे आणून सोडते. तिथून पुढच्या पस्तीसेक किलोमीटरला किती पैसे लागतील, हे आधीच जुळवून ठेवलेलं बरं.

एसटीचा हिशोब सोपा आहे. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या एका टप्प्यामागे दहा रुपयांच्या थोडं वर पडतात. नेरूरपार, काळसे, धामापूर, चौके असा रस्ता धरून मालवण साधारण पाच टप्पे, म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये. मालवणहून तारकर्ली सात किलोमीटर म्हणजे दोन टप्पे, वीस-बावीस रुपये. महिलांना निम्मं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड हाताशी ठेवावं. वाहकाच्या मशीनवर यूपीआय चालतं म्हणतात, पण रेंज गेली की तेही गेलं. अर्ध्या तिकिटात सुट्या रुपयांचा घोळ होतो तो वेगळाच, त्यामुळे नाणी न्या.

मालवण स्टँडवर नवखा माणूस ‘तारकर्ली’ अशी पाटी शोधत बसतो आणि समोरून देवबागची गाडी निघून जाते. देवबागचा रस्ता तारकर्लीतूनच पुढे जातो. म्हणून देवबागची पाटी बघून चढा आणि उतरायचं कुठे ते रिसॉर्टचं नाव सांगून वाहकाला विचारा. गाव लांबच लांब पसरलंय. चुकीच्या थांब्यावर उतरलात तर भर पावसात बॅग ओढत किलोमीटरभर चाल आहे.

आता गाड्या किती, हा खरा प्रश्न. गावातल्या फेऱ्या पर्यटकांसाठी नसतात. त्या शाळा-कॉलेज, बाजार आणि कचेरीच्या वेळांवर बेतलेल्या असतात. म्हणून सकाळी आणि दुपारी शाळा सुटताना गाडी मिळण्याची शक्यता जास्त, आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी कमी. आषाढी एकादशीच्या आगेमागे तर राज्यभरातल्या आगारांच्या गाड्या पंढरपूरला जातात, तेव्हा नेमाची फेरीही रद्द होऊ शकते. मोबाइलवरच्या वेळापत्रकात हे दिसत नाही. आदल्या दिवशी मालवण आगारात फोन करा आणि नुसतं ‘गाडी आहे का’ असं विचारू नका. ‘उद्या दुपारनंतर देवबागला कुठल्या वेळेला गाडी सुटणार, आणि शेवटची कुठली’ असं विचारा.

रेल्वेचंही एक पथ्य आहे. साधारण जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं आणि गाड्या सावकाश धावतात. रात्री मुंबई सोडणारी गाडी सकाळी कुडाळला टेकते, मग उशीर झाला तरी हाती दिवस उरतो. सकाळी निघणारी मांडवी पावसाळ्यात संध्याकाळ करते. मालवणला पोहोचेपर्यंत देवबागची शेवटची गाडी गेलेली असली, तर रिक्षावाला जे सांगेल तेच भाडं.

नवरा-बायको दोघांचा एका बाजूचा हिशोब मांडू. स्टेशन ते एसटी स्टँड रिक्षाला पन्नासेक धरा, मालवणपर्यंत दोघांचे पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी, पुढे देवबागच्या गाडीला तीस-पस्तीस: एकूण पावणेदोनशेच्या आत. देवबागची गाडी चुकली तर मालवणहून रिक्षाला दोनशेच्या आसपास धरून चला. इथे मीटर नाही, भाडं बसण्याआधी ठरवायचं. तरीही सगळं मिळून साडेतीनशेत भागतं. कुडाळहून थेट खासगी गाडी केली तर हजाराच्या पुढेच धरा. चौघं असाल, सोबत म्हातारी माणसं असतील किंवा रात्र झाली असेल, तर माझ्या मते तीच करावी. दोघांसाठी ती चैन आहे.

बुकिंग करताना बरेच रिसॉर्टवाले ‘पिकअप आहे’ म्हणतात. तिथे थांबून विचारा: गाडी त्यांची की बाहेरून बोलावणार? भाडं माणशी की गाडीचं? रेल्वे दोन तास उशिरा आली तर थांबण्याचे पैसे लागतील का? हंगामात चार खोल्यांचे पाहुणे एका फेरीत यायचे, म्हणून माणशी दर परवडायचा. पावसाळ्यात गाडीत तुम्हीच दोघं असता आणि अख्ख्या फेरीचं बिल तुमच्या खोलीच्या बिलात येतं. ठरलेला आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पिकअप कुडाळऐवजी मालवण स्टँडवरून मागितलात तर अंतर पाचव्या हिश्श्यावर येतं, आणि काही मालक एवढ्यासाठी पैसेच घेत नाहीत.

जून-जुलैत मासेमारी बंदी असते. ताटात सुरमई नसली किंवा महाग असली तर हुज्जत घालू नका, खाडीतली मासळी मागा.

परतीला सकाळची गाडी धरणार असाल, तर आदल्या संध्याकाळी वेळ विचारून ठेवा, तीही गावातल्या दुकानदाराला. रिसॉर्टच्या काउंटरवर बहुतेक वेळा रिक्षाचाच नंबर हातात देतात.