यंत्राची किंमत केव्हा फिटते?

परतवाडा-अचलपूरच्या परिसरात तूर मुबलक पिकते, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलने हा धंदा अल्प भांडवलाच्या आटोक्यात आणला. त्यामुळे शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देण्याचा विचार इकडे पुष्कळांच्या मनात येतो. अशा काही मंडळींचे जमाखर्च माझ्याकडे असतात. त्यांपैकी परतवाड्याच्या एका गृहस्थांचा हिशेब, आकडे सोयीसाठी पूर्ण करून, येथे मांडतो.

यंत्र, पाया, वीजजोडणी आणि वाहतूक मिळून त्यांचे तीन लाख रुपये गुंतले. विक्रेत्याने सांगितले होते, ‘‘सालाचे लाख रुपये सुटतील, तीन वर्षांत यंत्र फुकट!’’ किमतीला एका भरघोस हंगामाच्या कमाईने भागून काढलेले हे उत्तर होते. परंतु पहिल्याच वर्षी गिऱ्हाईक जमलेले असते आणि उधारीही वसूल झालेली असते, असे गृहीत धरण्यास काहीच आधार नव्हता.

खरा हिशेब दरसालच्या ओळींनी करावा लागतो. प्रत्येक वर्षी हाती प्रत्यक्ष आलेली मजुरी घ्यावी, उधारी मात्र ज्या वर्षी वसूल होईल त्याच वर्षी धरावी. त्यातून वीज, मजूर, दुरुस्ती, आणि घरचा मुलगा यंत्रावर बसत असेल तर त्याचाही पगार वजा करावा. घसारा वजा करू नये. त्यापायी तिजोरीतून पैसा बाहेर जात नाही आणि यंत्राची किंमत आरंभीच पूर्ण खर्ची पडलेली असते. उरलेली रोकड मागील बाकीत मिळवीत गेले, की संचित ओळ तयार होते. तीन लाखांच्या तुटीपासून पाच वर्षांचा तक्ता असा झाला :

| वर्ष | निव्वळ रोकड | संचित बाकी | १२ टक्क्यांनी आजचे मूल्य | संचित बाकी |
|---|---|---|---|---|
| ० | −३,००,००० | −३,००,००० | −३,००,००० | −३,००,००० |
| १ | ६०,००० | −२,४०,००० | ५३,५७१ | −२,४६,४२९ |
| २ | ९०,००० | −१,५०,००० | ७१,७४७ | −१,७४,६८२ |
| ३ | १,००,००० | −५०,००० | ७१,१७८ | −१,०३,५०४ |
| ४ | १,००,००० | +५०,००० | ६३,५५२ | −३९,९५२ |
| ५ | ८०,००० | +१,३०,००० | ४५,३९४ | +५,४४२ |

तिसऱ्या वर्षाअखेर पन्नास हजारांची तूट आहे आणि चौथ्या वर्षी लाख आले. म्हणजे चौथ्या वर्षाचा अर्धा भाग लागला आणि साधा परतफेड-काल साडेतीन वर्षांचा ठरला.

एवढ्यावर थांबू नये. बँकेच्या कर्जाचा दर १२ टक्के असता पाचव्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाच्या बरोबरीचा नसतो. म्हणून पहिल्या वर्षाची रोकड १.१२ ने एकदा, दुसऱ्या वर्षाची दोनदा, याप्रमाणे भागून चौथा रकाना काढला. त्याची संचित बाकी चौथ्या वर्षाअखेरही ३९,९५२ रुपयांनी उणी राहते. हिला पाचव्या वर्षाच्या ४५,३९४ ने भागता ०.८८ येते, सबब वटाव धरून परतफेड-काल सुमारे चार वर्षे साडेदहा महिने. कर्जाचे व्याज मात्र निव्वळ रोकडीतून पुन्हा वजा करू नये; वटावाच्या दरात ते आलेलेच असते, आणि तो दुहेरी बोजा टाकला तर चांगले यंत्रही वाईट दिसते.

या महिन्यांच्या अपूर्णांकावर फार विसंबण्यात अर्थ नाही, कारण तो कमाई वर्षभर सारखी येते असे मानून निघतो आणि तुरीचे काम तर हंगामात दाटते. खरे पाहावयाचे ते शेवटच्या रकान्यातील फाजील शिल्लकेकडे. पाच वर्षांनी येथे अवघे ५,४४२ रुपये वर राहतात. दुसऱ्या वर्षी केवळ दहा हजार रुपये कमी आले असते, तर आजच्या मूल्याने ७,९७२ रुपये घटून वसुली पाच वर्षांतही झाली नसती. एका मध्यम हंगामाचा धक्काही ज्याला पेलवत नाही, असा हा व्यवहार होता.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानी ठेवावी. किंमत फिटल्यानंतर यंत्र किती वर्षे चालेल आणि मोडीत काय देईल, हे ती सांगत नाही. दोन यंत्रांपैकी आधी फिटणारे तेच अधिक लाभाचे, असेही ती सिद्ध करीत नाही. धोका किती काळ डोक्यावर राहील, एवढेच तिच्यावरून कळते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी हा तक्ता स्वतः आखावा, त्यातील एक वर्ष मुद्दाम दुष्काळी धरून पुन्हा आखावा, आणि वटावाची संचित बाकी यंत्राचे अपेक्षित आयुष्य संपण्याच्या एक-दोन वर्षे आधी शून्यावर येत नसेल, तर किंमत कमी करून मागावी किंवा सौदा सोडून द्यावा.