मुलाखतीची तारीख बदलून मागताना

इंदापूर येथील एका पेढीतील लेखापालास बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने २० तारखेस मुलाखतीस बोलाविले आहे, असे समजू. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी वस्तू व सेवा कराच्या ‘जीएसटीआर-३बी’ची मुदत त्याच दिवशी संपते. ती चुकल्यास मालकास विलंब शुल्क आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज भरावे लागते. अशा वेळी उमेदवाराने निमंत्रण मिळताच स्वतःच्या खासगी खात्यावरून ई-मेल पाठवावा. पेढीच्या खात्यावरून पाठविल्यास नोकरी बदलण्याचा बेत उघड होतो.

मजकूर असा असावा : “मुलाखतीच्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. २० तारखेस सध्याच्या कामातील वैधानिक मुदत संपत असल्याने येणे कठीण आहे. २१ किंवा २२ तारखेस आपण सांगाल त्या वेळी उपस्थित राहीन. हे दिवस गैरसोयीचे असल्यास कृपया कळवावे.”

कारण एका वाक्यात पुरते. मालकाचे नाव वा कराची रक्कम लिहू नये. आजच्या मालकाची माहिती बाहेर सांगणारा उद्या आपलीही सांगेल, अशी शंका त्यातून येते. दोन निश्चित दिवस दिल्याने भरती अधिकाऱ्यास एकाच उत्तरात निर्णय घेता येतो.

लेखी होकार येईपर्यंत मूळ तारीखच कायम समजावी. उत्तर न आल्यास १८ तारखेस दूरध्वनी करावा. निवड समिती एकच दिवस बसणार असेल, तर नकार मिळेल. तेव्हा विवरणपत्र १९ तारखेस भरून मुलाखतीस जाता येते. कारण २० ही शेवटची तारीख आहे, एकमेव नव्हे.