शिवणीत बुडालेला रकाना

वही आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हाची. अलिबाग तालुक्यातल्या एका गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळ्या मोडीत, कापडी बांधणी, जाडी चांगली अडीच इंच. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदींचा शोध राज्यभर निघाला आणि अशा वह्या गाठोड्यांतून बाहेर आल्या. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिचं एकदा स्कॅनिंग होऊन गेलेलं होतं. मोडी वाचणाऱ्या गुरुजींना मी ती फाइल दाखवली. ते म्हणाले, “पाऊण पान वाचतो. उरलेलं शिवणीत बुडालंय.” आणि डाव्या पानावर शिवणीला खेटून होता नेमका जातीचा रकाना.

त्या एका वहीने जे शिकवलं, ते असं.

१. ओळ सरळ झाली म्हणजे अक्षर सुटलं, असं नाही.

मी आधी घरी बसून संगणकावर त्या वाकलेल्या ओळी सरळ केल्या. पान छान दिसू लागलं, पण गुरुजींना अक्षर काही लागेना. शिवणीजवळ दोन वेगळे दोष असतात, हे मला तेव्हा कळलं. एक, ओळ वाकते. दुसरा, अक्षर आडवं चेपतं, कारण तिथे पान उतारावर असतं आणि कॅमेरा वरून बघतो. घराच्या कौलारू पाखाडीचा वरून फोटो काढला की ती आखूड दिसते, तसंच. उतार ६० अंशांचा असेल तर रुंदी निम्मी होते. जुनं स्कॅनिंग २०० डीपीआयचं होतं, म्हणजे सपाट भागात एका सेंटिमीटरला साधारण ७९ ठिपके. शिवणीपाशी तेवढ्याच कागदाला जेमतेम ४० मिळाले होते. ते ताणून रुंदी परत येते, तपशील येत नाही. १ आणि ९ यांच्यातला फरक त्या न टिपलेल्या ठिपक्यांतच गेला होता. पुन्हा फोटो काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

२. आलेख कागदाची पट्टी सोबत हवी.

शाळेतला मिलिमीटरचा आलेख कागद घ्यावा, त्याची बोटभर रुंद पट्टी कापावी आणि पानाच्या वरच्या कोऱ्या समासात शिवणीपर्यंत अलगद बसवावी. ती पानाच्या वळणाबरोबर वळते. फोटोत तिचे चौकोन मोजले की उतार कुठे सुरू होतो आणि किती आहे, ते कळतं. आमच्या वहीत शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये चौकोन निम्म्यावर आले होते. वही पुढे सरकते तसं डाव्या आणि उजव्या पानाचं बुडणं बदलत जातं. म्हणून वीसेक पानांनी पट्टी लावलेला एक जादा फोटो काढायचा.

३. कॅमेरा किती उंच, याचं उत्तर मी दोनदा बदललं.

मोबाइल ४० सेंटिमीटरवर धरला आणि शिवण ३ सेंटिमीटर खोल असली, तर पानाच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर वर असलेली ओळ शिवणीपाशी सुमारे एक सेंटिमीटर मध्याकडे झुकते. कॅमेरा १२० सेंटिमीटरवर नेऊन भिंगाने जवळ आणलं की हाच झोक चार मिलिमीटरच्या आत येतो. मी खूश होऊन सगळी वही तशीच काढणार होतो. पण संगणकाला पानाची खोली कळते ती ओळींच्या वाकण्यातूनच. ओळी फार सरळ आल्या की त्याला पान सपाट वाटतं आणि चेपलेला भाग तो चेपलेलाच ठेवतो. म्हणून आता मी ८० सेंटिमीटरवर थांबतो. प्रकाश मात्र वहीच्या डोक्याकडून आणि पायथ्याकडून घ्यायचा, शिवणीच्या रेषेत. बाजूने घेतला की पानाच्या फुगवट्याची सावली त्याच रकान्यावर पडते.

४. वहीवर जोर करायचा नाही.

काच ठेवून दाबली तर पान सपाट होईल, हा मोह सगळ्यांना होतो. मीही तळहाताने दाबायला गेलो. अभिलेख कक्षातले काका पाठीमागून म्हणाले, “दादा, ऐकू येतंय ना?” शिवणीचा दोरा कुरकुरत होता. आता वही पूर्ण उघडतच नाही. डाव्या पुठ्ठ्याखाली तिरका थर्माकोल देतो, वही साधारण ११० अंशांत उघडी राहते आणि जे पान टिपायचं तेच आडवं ठेवतो. आधी सगळी उजवी पानं, मग वही फिरवून सगळी डावी. एवढ्यानेच बुडालेला भाग बराच वर येतो.

५. महत्त्वाच्या रकान्याचा तिरका फोटो वेगळा काढावा.

जिथे तरीही उतार ६० अंशांचा राहिला, तिथे कॅमेरा समोरच्या पानाकडे सरकवून २५ अंश कलता केला. आता पान कॅमेऱ्याला निम्मं नाही, आठ दशांशाच्या वर रुंद दिसतं, आणि हा खरा तपशील असतो, ताणलेला नव्हे. याहून कललं की समोरच्या पानाचा फुगवटा आड येतो. माझ्या मते या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच, आणि घाईत पहिली गाळली जाते तीही हीच.

६. मोडीची शिरोरेषा कामाला लावावी.

मी ‘स्कॅनटेलर अ‍ॅडव्हान्स्ड’ वापरतो. त्यातली आपोआप सरळ करण्याची सोय छापील मजकुरावर बरी चालते. मोडीत जोडून लिहिलेली अक्षरं, लांब शेपट्या आणि खालच्या ओळीत शिरलेले फराटे यांनी ती गोंधळते. मग `Dewarping` मध्ये `Manual` निवडायचं. पानावर जाळी येते. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगतो, त्यामुळे ओळीची रेघ शिवणीपर्यंत अखंड मिळते. जाळीची वरची कड पहिल्या शिरोरेषेवर आणि खालची शेवटच्या शिरोरेषेवर बसवली, शिवणीजवळ दोन-तीन बिंदू जादा दिले, की ओळी सरळ. मग `Depth perception` ची पट्टी. आलेख कागदाचे चौकोन शिवणीपाशी अरुंद राहिले तर ती वाढवायची, रुंद झाले तर कमी करायची. डोळ्याने बरं दिसतं म्हणून थांबायचं नाही, चौकोन मोजायचे. शेवटची फाइल काळी-पांढरी नको, राखाडी किंवा रंगीत ठेवा. सावलीतली फिकट शाई काळ्या-पांढऱ्यात एक तर उडते, नाही तर डाग होऊन बसते. मूळ फोटोही जपून ठेवायचे.

७. पावसाळ्यात हे काम काढू नका.

सगळा हिशेब एका गृहीतावर चालतो: पान नळीसारखं वळलं आहे, म्हणजे वरच्या ओळीचं वळण तेच खालच्या ओळीचं. आमच्या किनाऱ्यावर श्रावणात कागद ओल धरतो आणि खालचा कोपरा लाटांसारखा फुगतो. मग वरची-खालची शिरोरेषा जाळीवर बसते आणि मधल्या ओळी तशाच डुलत राहतात. ही खूण दिसली की वही बांधून ठेवायची आणि दिवाळीनंतर उघडायची. आम्ही तेच केलं.

मार्गशीर्षात नवे फोटो घेऊन गुरुजींकडे गेलो. बुडालेल्या रकान्यातल्या बहुतेक नोंदी त्यांनी न अडखळता वाचल्या. एका ओळीवर ते थांबले, भिंग घेतलं आणि म्हणाले, “इथे शिवणीचा दोष नाही. कसरीने खाल्लंय.”