‘फोन लागतच नाही’ असं पेशंट का म्हणतात?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना आहे. मी लहान मुलांचा डॉक्टर, पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि खालीच आमचं मेडिकल. फोन सांभाळायला काउंटरवर एकच मुलगी. तिची धावपळ कमी व्हावी म्हणून एका कंपनीकडून ‘अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा’ अशी सोय करून घेतली. तेव्हापासून पेशंटची तक्रार येते की फोन लागतच नाही. प्रत्यक्षात कॉल आल्याची नोंद मात्र दिसते. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : तुमच्या पेशंटचा फोन लागतो, पण माणूस लागत नाही. त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच.

तुम्ही पाठवलेला मजकूर मी घड्याळ लावून वाचला. आधी स्वागत, मग मराठी, हिंदी, इंग्रजीची निवड, त्यानंतर सात पर्याय, आणि शेवटी ‘पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा’. हे सगळं व्हायला मिनिटभर वेळ जातो. कडेवर तापलेलं पोर घेऊन उभ्या असलेल्या बाईने तोवर काय करावं?

कंपनीने दिलेल्या कॉलच्या यादीत प्रत्येक कॉलपुढे दोन गोष्टी पाहा : किती सेकंद चालला आणि कोणतं बटण दाबलं. पंधरा-वीस सेकंदांत संपलेले आणि बटणाचा रकाना रिकामा असलेले कॉल म्हणजे भाषेच्या निवडीतच कंटाळलेली माणसं. एकच नंबर पाच-दहा मिनिटांत दोन-तीनदा दिसला, तर तो माणूस वाट चुकून परत आला आहे. सर्वांत वाईट प्रकार पूर्ण मिनिटभर चाललेल्या, तरीही बटण न दाबलेल्या कॉलचा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी तुमच्या यंत्राने ‘धन्यवाद’ म्हणून त्यांचा फोन ठेवून दिला.

बटण न दाबणारा माणूस अडाणी असतो, हा समज आधी काढून टाका. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते. सूचना ऐकून तो खाली घ्यायचा, स्क्रीन उजळेपर्यंत थांबायचं, ‘कीपॅड’ शोधून उघडायचा आणि मग आकडा दाबायचा. एवढ्यात पुढचं बोलणं ऐकू येत नाही ते वेगळंच. चष्मा खिशात असेल तर आणखी वेळ. जुन्या लँडलाइनचं तर बटण दाबूनही पोचत नाही. प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम वाजतात (‘पाच’ला ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ) आणि यंत्र त्या जोडीवरून आकडा ओळखतं. फोन जुन्या ‘पल्स’ पद्धतीवर असेल तर सूर जातच नाहीत, जाते नुसती टकटक. कीपॅड उघडून आकडा दाबायला वेळ मिळावा म्हणून बोलणं संपल्यावर यंत्राने निदान आठ सेकंद थांबलं पाहिजे. काही ठिकाणी ते तीन-चारच ठेवलेले असतात.

आता मुख्य दुरुस्ती. काहीच दाबलं नाही किंवा चुकीचं बटण दाबलं, तर कॉल कापायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून ऐकवायचाही नाही. तो सरळ काउंटरवर गेला पाहिजे. एवढं एक केलंत तरी निम्मी तक्रार मिटेल, असं मला खात्रीने वाटतं.

मग पर्याय किती ठेवायचे? कागदावर तुमच्याकडची कामं लिहू नका. वेगवेगळे फोन किती वाजतात ते लिहा. तुमच्या यादीत मुलांच्या डॉक्टरांसाठी एक, बाईंच्या तपासणीसाठी दोन, लसीकरणाला तीन, रिपोर्टला चार, फीच्या चौकशीला पाच. हे पाचही फोन त्याच मुलीच्या टेबलावर वाजतात! पेशंटने विचार करून निवड केली आणि तिचा उपयोग शून्य. भाषेचंही तसंच. काउंटरवरच्या मुलीला मराठी आणि हिंदी दोन्ही येतं, मग भाषेसाठी बटण कशाला? ती समोरच्याच्या पहिल्या ‘हॅलो’वरून भाषा ओळखेल. हिशेब केला तर तुमच्याकडे खरे फोन तीनच : काउंटर, मेडिकल, आणि तातडीच्या वेळी नर्सबाईंच्या हातातला मोबाइल.

आणखी एक. दवाखान्यात येणारे कितीतरी फोन ‘डॉक्टर आलेत का?’ एवढंच विचारायला असतात. त्याला बटणही नको आणि माणूसही नको. उत्तर सुरुवातीलाच सांगून टाका. हे सगळं धरून मजकूर असा होईल :

‘नमस्कार, हा अमुक दवाखाना. दोन्ही डॉक्टर सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ भेटतात. बाळंतपणाची किंवा दुसरी तातडीची अडचण असेल तर एक दाबा. औषधांच्या दुकानासाठी दोन दाबा. नंबर लावायचा असेल किंवा दुसरं काही काम असेल, तर काही न दाबता फोन धरून ठेवा.’

सावकाश वाचलं तरी हे अर्ध्या मिनिटात आटपतं. यात काम आधी येतं आणि आकडा नंतर. ‘एक दाबा’ आधी सांगितलं, तर काम ऐकेपर्यंत माणूस आकडा विसरतो. बोलणं चालू असतानाच बटण दाबलं तरी चालेल, अशी सोय कंपनीकडून सुरू करून घ्या, म्हणजे नेहमीच्या पेशंटना सगळं ऐकावं लागणार नाही. म्हणूनच एकदा ठरवलेले आकडे मात्र बदलू नका. आवाज नर्सबाईंचाच घ्या, पंखा बंद करून, पाठीमागे संगीत न लावता. फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो आणि त्यात संगीताचा नुसता गोंगाट होतो.

काउंटरवर वीस सेकंदांत कोणी उचललं नाही, तर फोन नर्सबाईंकडे जाऊ द्या. तिथेही उचलला नाही, तर ‘थोड्या वेळाने आम्हीच फोन करतो’ असं सांगा, पण ते काम कोणाचं हे आधी ठरवा. नाव न ठरवता दिलेलं हे आश्वासन कोणीच पाळत नाही.

रात्रीचा मजकूर वेगळा हवा. डॉक्टरांच्या वेळा, तातडीसाठी एक, बस्स. न दाबता थांबलेला फोनही रात्री नर्सबाईंच्याच मोबाइलवर वळवा, कारण काउंटर बंद असतं. तो मोबाइल रात्री कोणाजवळ असतो, चार्ज असतो का, ते रविवारी रात्री स्वतः फोन लावून बघा. उचलणारं कोणी नसेल तर ‘एक दाबा’ हे काढूनच टाका आणि सरळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायला सांगा. गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. वाजत राहणाऱ्या फोनपेक्षा हे कितीतरी बरं.

सगळं बसवून झालं की ओपीडीत बसलेल्या एखाद्या आजींना त्यांच्याच फोनवरून उद्याचा नंबर लावायला सांगा. मदत करू नका. त्यांचा अंगठा कुठे थांबतो तेवढं पाहा. पंधरा दिवसांनी पुन्हा यादी काढा. बटणाचा रकाना आता बहुतेक रिकामाच दिसेल, त्याची काळजी करू नका. पाहायचं ते एवढंच, की तोच नंबर लगेच परत आला आहे का. मेडिकलचं ‘दोन’ क्वचितच कोणी दाबत असेल, तर तेही काढून टाका.