सर, शिफारसपत्र द्याल का?

प्रश्न : अमेरिकेत कम्युनिकेशनमध्ये एम.ए. करायचे आहे. सरांकडे शिफारसपत्र मागताना काय लिहावे?

उत्तर : शेकडो विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांना नुसत्या नावावरून चेहरा आठवत नाही. त्यामुळे वर्ष, विषय आणि एखादे ठळक काम पहिल्याच परिच्छेदात यावे. उदाहरणार्थ : ‘सर, दुसऱ्या वर्षी आपल्या रेडिओच्या पेपरसाठी मी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेवर माहितीपट केला होता. मुलाखती फार लांबल्यात, असे आपण सांगितल्यावर तो पुन्हा संपादित केला.’ एवढ्यावरून सरांना लिहायला खरा मजकूर मिळतो. ‘मेहनती व हुशार’ अशी गुळमुळीत पत्रे निवड समितीला काहीच सांगत नाहीत.

मग विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि अंतिम तारीख लिहावी. सोबत गुणपत्रिका, बायोडेटा, उद्देशपत्राचा मसुदा आणि तो माहितीपट जोडावा. विनंती महिनाभर तरी आधी गेलेली बरी.

पत्र बहुधा सरांनीच ऑनलाइन अपलोड करायचे असते. त्याची लिंक विद्यापीठाकडून येते आणि कधी स्पॅममध्ये जाते, हेही कळवावे. अर्जात सरांचा ईमेल शक्यतो महाविद्यालयाचा द्यावा. खासगी पत्त्यावर काही विद्यापीठे शंका घेतात.

‘पत्र तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे उत्तर आले तर? मुद्द्यांचे टिपण द्यावे, पत्र नव्हे.