रजेचा अर्ज

मुलांनो, दुकानातील नोकराने रजा मागितली की मालकाला काळजी पडते : गिऱ्हाईक कोण पाहणार? म्हणून अर्जात बदली माणूसही सुचवावा. हा नमुना वाचा.

मालेगाव,
दि. 2 मे

माननीय शेठजी यांना सलाम.

14 मे रोजी माझ्या बहिणीचा निकाह आहे. वडील नसल्याने सारी व्यवस्था माझ्यावर आहे. तरी 10 ते 16 मे अशी सात दिवसांची रजा द्यावी, ही विनंती. माझ्या जागी मावसभाऊ येईल. गेल्या रमजानमध्ये त्याने आपल्याकडे काम केले आहे. कापड मोजणे, बिल लिहिणे त्याला येते. मात्र उधारीची गिऱ्हाईके तो ओळखत नाही. म्हणून 8 व 9 मे रोजी तो माझ्यासोबत दुकानात येईल. 17 मे रोजी मी हजर होईन.

आपला नम्र,
अ. ब. क.

भावाला काय येत नाही, हेही लिहिले आहे. ते का, सांगा.