पाठवले १२,०००, पोचले ११,९७५

प्रश्न : मुलीच्या विद्यापीठाची फी म्हणून मी अमेरिकेला १२,००० डॉलर पाठवले. आमच्या बँकेने आपलं कमिशन रुपयांत वेगळं घेतलं होतं. तरी विद्यापीठात ११,९७५ डॉलरच जमा झाले. मधले २५ डॉलर कोणी घेतले? — एक पालक, नाशिक

उत्तर : बहुधा वाटेतल्या बँकांनी. रक्कम डॉलरमध्येच पाठवली आणि डॉलरमध्येच जमा झाली, म्हणजे विनिमय दराचा इथे संबंध नाही.

भारतीय बँका आपले डॉलर न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेत खातं उघडून ठेवतात. त्याला नॉस्ट्रो खातं म्हणतात. तुमच्या बँकेने स्विफ्टवरून त्या बँकेला निरोप धाडला, की आमच्या खात्यातून १२,००० काढा आणि विद्यापीठाच्या बँकेला द्या. या कामाचे ती बँक पैसे घेते. विद्यापीठाची बँक तिच्याशी थेट जोडलेली नसेल, तर मध्ये आणखी एक बँक येते आणि तीही आपले घेते. समजा, पहिलीने १५ घेतले आणि दुसरीने १०, झाले २५.

हे पैसे तुमच्या रकमेतून कापायचे की तुमच्याकडून वेगळे घ्यायचे, हे ठरतं फॉर्मवरच्या तीन अक्षरांनी. SHA असेल तर तुमच्या बँकेचा आकार तुम्ही भरता आणि पुढचा सगळा रकमेतून जातो. बहुतेक वेळा हाच पर्याय आपोआप धरला जातो. BEN असेल तर सगळंच रकमेतून. OUR असेल तर वाटेतल्या बँकांचा खर्चही तुमची बँक तुमच्याकडून आधी घेते. फीसाठी OUR च निवडावा. काउंटरवर हे कोणी समजावून सांगत नाही, आणि ते सांगायलाच हवं. अर्थात, पैसे येताना स्वतःच्या खातेदाराकडून शुल्क घेणाऱ्या बँकेला OUR अडवू शकत नाही.

कापाकापी कुठे झाली ते कळतं. बँकेकडे स्विफ्ट संदेशाची प्रत मागा आणि त्यात हा पर्याय कोणता आहे ते बघा. मात्र ही प्रत तुमच्या बँकेने धाडलेल्या संदेशाची असते. पुढे काय कापलं गेलं, ते तिच्यात नसतं. त्यासाठी त्यावरचा UETR हा ३६ चिन्हांचा क्रमांक द्या आणि बँकेला स्विफ्टच्या ट्रॅकरवर बघायला सांगा. कोणत्या बँकेने किती घेतले, हे तिथे सहसा दिसतं.

SHA निवडलेला असेल तर हे २५ डॉलर परत मिळत नाहीत. OUR निवडून, त्याचे पैसे भरूनही रक्कम वाटेत कापली गेली असेल, तर लेखी तक्रार करा.

राहिलेले २५ डॉलर मात्र पुन्हा वायरने पाठवू नका. त्यातूनही कपात होईल. विद्यापीठाच्या पोर्टलवर कार्डाने भरता येत असतील तर तिथेच भरा, तेही मुदतीच्या आत.